अलाउन्स आणि रीइम्बर्समेंट एक नव्हे

प्रश्न: कंपनी फोन, इंटरनेट आणि पेट्रोलचे पैसे देते. त्यावर टॅक्स लागतो का? माझ्या पे-स्लिपवर तर सगळ्यावर कापलाय.

आधी पे-स्लिपवर त्या रकमेसमोर काय लिहिलंय ते बघा. 'अलाउन्स' लिहिलं असेल आणि बिल न मागता दरमहा ठरावीक पैसे येत असतील, तर तो सरळ पगार आहे आणि कापलेला टॅक्स बरोबर आहे.

माझंही २०२३-२४ मध्ये हेच झालं. फोन २,०००, नेट १,५००, पेट्रोल ६,०००, मिळून ९,५०० अलाउन्स. मी जुन्या करप्रणालीत, ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. सेससह ३१.२ टक्क्यांनी महिन्याला २,९६४ रुपये जायचे. पेरोलवाले म्हणाले, "नाव काहीही असो, फरक पडत नाही. रिटर्नमध्ये बघून घ्या." हे साफ चूक होतं. फोन-नेटच्या खर्चाची वेगळी वजावट पगारदाराला रिटर्नमध्ये मिळत नाही. जे करायचं ते कंपनीतच.

चार महिने भांडल्यावर त्यांनी बिलांवर पैसे देणं, म्हणजे रीइम्बर्समेंट, सुरू केलं. पहिल्या महिन्यात फोनचं बिल १,१०० आलं. ते पूर्ण करमुक्त, कारण कंपनीने भरलेला कर्मचाऱ्याचा फोनखर्च, मोबाइलसकट, तेव्हाच्या आयकर नियमावलीतल्या नियम ३ प्रमाणे पगारासोबतच्या सवलतींच्या करपात्र मूल्यात धरत नव्हते. नेटचं १,४०० चं बिल ऑफिसच्या कामाचा खर्च म्हणून सुटलं. बिलाअभावी उरलेले ९०० आणि १०० करपात्र.

पेट्रोलवर मात्र माझीच समजूत चुकीची निघाली. बिलं दिली की सगळं सुटतं असं मला वाटायचं. गाडी माझी, वापर ऑफिसचा आणि घरचाही, इंजिन १.६ लिटरपेक्षा लहान. अशा वेळी तेव्हा महिन्याला फक्त १,८०० वजा व्हायचे. म्हणजे ६,००० पैकी ४,२०० करपात्र.

एकूण करपात्र ५,२००, त्यावर टॅक्स १,६२२. महिन्याला १,३४२, वर्षाला सोळा हजारांवर वाचले असते. आधीच्या चार महिन्यांचे गेले ते गेलेच, आणि ते मला अजून सलतं. म्हणून सांगतो, पेरोलला तोंडी विचारू नका. ईमेल करा, त्यात तुमच्या वर्षाला लागू असलेला नियम लिहा आणि लेखी उत्तर घ्या.

गाडी निव्वळ ऑफिसच्या कामाला वापरत असाल तर पूर्ण रक्कम सुटू शकते. पण त्यासाठी तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्चाची लॉगबुक हवी, शिवाय कंपनीचा दाखलाही. घर ते ऑफिस हा प्रवास त्यात धरू नका. दुचाकीला तेव्हा १,८०० ऐवजी ९०० धरायचे. फोनची सूट नव्या करप्रणालीतही टिकते. हे आकडे त्या वर्षाचे आहेत, तुमच्या वर्षाची मर्यादा तपासून घ्या. आणि बिल तुमच्याच नावावर असू द्या. माझं नेटचं कनेक्शन वडिलांच्या नावावर होतं, तेव्हा दोन बिलं परत आली होती.