अनारशांच्या लांबलचक लेखातून नेमकी कृती कशी काढावी?

«अनारशांवरचा एक लेख मिळाला आहे, पण आठवणी आणि सणाच्या वर्णनात कृती हरवून गेली आहे. फक्त साहित्य आणि आवश्यक पायऱ्या कशा वेगळ्या काढाव्यात?»

प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा: हे गाळले, तर पहिल्यांदा अनारसे करणाऱ्याच्या हातून काही वेगळे घडेल का? घडणार असेल तर ते वाक्य ठेवावे, मग ते आठवणीच्या मधोमध का असेना. ‘आजी पीठ मुठीत दाबून बघायची’ हे वाक्य वरवर आठवण वाटते, पण पिठाचा ओलावा पारखण्याची खूण त्यातच आहे. मुटका वळला तर पीठ हवे तसे दमट आहे आणि भुरभुर सुटले तर तांदूळ जास्त वाळले, हे त्यावरून कळते. उलट, फराळाच्या ताटाचे वर्णन कितीही सुंदर असले तरी खुशाल गाळावे.

साहित्य लिहिताना माप कशाचे आहे ते तपासावे. ‘तेवढाच गूळ’ म्हणजे कोरड्या तांदळाइतका की दळलेल्या पिठाइतका, आणि वजनाने की वाटीने, हे लेखात बहुधा पुढे कुठेतरी दडलेले असते. माझ्या घरी दमट पिठाच्या वजनाइतका चिरलेला गूळ घेतात. चिक्कीचा गूळ मात्र वापरत नाहीत.

पायऱ्या लेखाच्या क्रमाने न लिहिता कामाच्या क्रमाने लिहाव्यात आणि लागणारा वेळ सर्वांत वर नोंदवावा, कारण अनारशांची तयारी आठवडाभर आधी सुरू होते. माझ्या वहीतला मजकूर एवढाच आहे: जुना जाडा तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलावे, चौथ्या दिवशी निथळून सावलीत कापडावर पसरावा आणि दमट असतानाच दळून चाळावा, त्यात गूळ व चमचाभर तूप मिसळून घट्ट गोळा करावा आणि तो चार-पाच दिवस डब्यात झाकून ठेवावा, मग खसखशीवर पुरीएवढे थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आचेवर तुपात सोडावे, न उलटता झाऱ्याने वरून तूप उडवावे आणि बदामी झाल्यावर चाळणीत उभे ठेवून निथळू द्यावे.

‘सावलीत’, ‘दमट असतानाच’ आणि ‘न उलटता’ हे शब्द जागा वाचवण्यासाठी कधीही कापू नयेत. तांदूळ उन्हात खडखडीत वाळले, तर गूळ पिठात नीट मुरत नाही.

बिघाडाची सूचनाही एका ओळीत राहू द्यावी. अनारसा तुपात हसला, म्हणजे जाळी पसरून विरघळू लागला, तर गूळ जास्त झाला आहे असे समजून गोळ्यात थोडे पीठ मळावे. त्यासाठी गूळ घालण्यापूर्वीच मूठभर पीठ बाजूला काढून ठेवावे लागते, म्हणून ही सूचना शेवटी न लिहिता दळण्याच्या पायरीतच लिहावी.