आधी पत्ता घे, घर मागाहून बांध

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

मोडी शिकवणाऱ्या तुझ्या रील्स लोक बघतायत, सरावपुस्तिकाही खपतायत. आता बायोतलं, सगळ्या लिंक एकत्र दाखवणारं लिंकचं पान पुरे की वेबसाइट करू, असं विचारतेस. आज पान पुरे आहे. खरं तर इन्स्टाग्राम २०२३ पासून बायोत पाच लिंक देऊ देतं. पुस्तिका, बॅचचा फॉर्म, व्हॉट्सॲप आणि यूट्यूब एवढंच असेल, तर वेगळं पानही लागत नाही.

मात्र स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबवरचा स्वतःच्या नावाचा पत्ता, आजच घे. वर्षाला साधारण हजार-दीड हजारात मिळतं. ते तुझ्याच ईमेलवर, तुझ्याच खात्यात असू दे. साइट करून देणाऱ्याच्या नावावर अजिबात नको. मग डोमेनच्या सेटिंगमधल्या ‘फॉरवर्डिंग’मध्ये सध्याच्या पानाची लिंक टाक, म्हणजे तो पत्ता उघडणारा थेट त्या पानावर जाईल. तिथे ३०१ आणि ३०२ असे दोन पर्याय दिसले, तर ३०२, म्हणजे टेम्पररी, निवड. ३०१ ठेवलंस तर लोकांचे ब्राउझर ती जागा कायमची धरून ठेवतात, आणि तू पुढे बदललंस तरी काहीजण जुन्याच पानावर जात राहतात.

हे एवढं सांगतोय, कारण मला ते महागात पडलंय. पाचशे पुस्तिका छापल्या आणि मागच्या कव्हरवर लिंकच्या पानाचा थेट क्यूआर टाकला. पुढे त्या सेवेने खातंच बंद केलं. उरलेल्या तीनशेंवर आम्ही घरी बसून एकेक स्टिकर चिकटवला. विकल्या गेलेल्या दोनशेंचं काही करता आलं नाही. क्यूआरमध्ये माझं डोमेन असतं, तर फॉरवर्डिंगची एक ओळ बदलून भागलं असतं.

आता वेबसाइट कधी, ते. लिंकचं पान तुला ओळखणाऱ्याच्या कामाचं. आजोबांचा जुना दस्त हातात घेऊन गूगलवर ‘मोडी बाराखडी’ शोधणाऱ्याला त्यावर वाचायला काहीच नसतं. म्हणून डीएममध्ये पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न वहीत लिहीत जा. ‘मोडीत शिरोरेषा आधी ओढायची की नंतर?’ हा तर तुला येतच असेल. ओळभर रेघ आधी ओढून अक्षरं तिला लटकवायची, हे तू दरवेळी नव्याने टाइप करतेस. असे पाच-सहा प्रश्न साठले, की साइटची वेळ झाली.

तेव्हाही दुकान मांडू नकोस. पैसे घ्यायला यूपीआय आणि फॉर्म चालू दे. एका प्रश्नाला एक पान कर. अक्षरांचं चित्र दे, पण उत्तर खाली टाइप करूनही लिही. नुसत्या चित्रात लिहिलेलं उत्तर शोधात येईलच असं नाही. मग फॉरवर्डिंग काढून डोमेन साइटला जोड. लोक काय शोधत तुझ्याकडे आले, ते गूगलच्या Search Console मध्ये दिसेल, पण त्याला काही महिने दे.

बॅचच्या फॉर्ममध्ये ‘माझ्याबद्दल कुठून कळलं?’ हा रकाना आजपासूनच घाल. दोन महिन्यांची उत्तरं जमली की मला पाठव, आपण बसून बघू.

तुझा,
सर