डब्याआधी वही दाखव

बाबू,

रात्री दीड वाजता तुझा मेसेज, "काका, बेंच प्रेस ७० किलोला दोन महिने अडकलाय, क्रिएटिन चालू करू का". मी प्रश्नाआधी वेळ बघितली. पहाटे पाचला तू बाबांबरोबर मिरकरवाड्याच्या जेटीवर असतोस, मग झोपतोस कधी रे?

क्रिएटिनची पावडर खोटी नाहीये. मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं की तीनचार आठवड्यांत स्नायूंतला क्रिएटिनचा साठा भरतो, शेवटच्या सेटला एखादा रेप, म्हणजे एखादी उचल, जास्त निघते, स्नायूत पाणी धरल्यामुळे वजनही किलो-दीड किलो वाढतं. पण तू अडकलायस कशामुळे ते त्याने कळणार नाही. आणि माझा हट्ट एकच, एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही. जिममधली पोरं म्हणतात काका जुन्या वळणाचा, म्हणू देत, वही नसलेली पोरं वर्षानुवर्षं त्याच वजनावर घासताना मी बघतोय.

तुझा हिशोब मीच मांडतो. वजन ६२, ताकद वाढवायची तर किलोमागे १.६ ग्रॅम धर, म्हणजे दिवसाला १०० ग्रॅम प्रोटीन. "मी तर रोज मासे खातो" म्हणतोस, पण तुझं ताट मी बघितलंय, भाताचा ढीग आणि एक बांगडा, त्यात प्रोटीन वीसेक ग्रॅम. डाळ-भात धरूनही साठ गाठताना मारामार. सकाळी चार अंडी, संध्याकाळी दूध नि भाजलेले चणे, दुपारी दोन बांगडे, एवढं केलंस की शंभरच्या जवळ जातोस. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा अंडी-डाळ आणखी वाढव.

आता व्यायाम. दर सोमवारी ७० लावून पाच रेप मारतोस, चौथ्याला अडकतोस, मग पार्टनर बार उचलतो आणि तू म्हणतोस पाच झाले. नाही झाले! ६२.५ वर ये, आठवड्यातून दोनदा, तीन सेट, आठ-आठ रेप, पार्टनरने हात न लावता. तिन्ही सेट पूर्ण झाले की दोन्ही बाजूंना सव्वा किलोची प्लेट, म्हणजे अडीच किलो वाढ. नाही झाले तर तेच वजन परत.

पण हे सगळं सोमवारपासून एकदम नको, परत सांगतो, एका वेळी एकच. आधी झोप, कारण ती फुकट आहे, रात्री नऊला फोन बाजूला, दुपारी जेटीवरून आल्यावर तासभर आडवा हो. दोन आठवडे वजन-रेप तेच ठेव आणि लिही. मग खाणं, मग सेट.

दोन महिन्यांनी तरी बार हलला नाही तर क्रिएटिन घे, साधं मोनोहायड्रेट, सुरुवातीला जास्त डोस घेऊन लोडिंग करायची गरज नाही. किडनीचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचार. आणि पुढे कधी रक्त तपासलंस तर क्रिएटिन घेतोस हे सांग, किडनीसाठी बघतात ते रिपोर्टमधलं क्रिएटिनिन त्याने थोडं वर दिसू शकतं, उगाच घरचे घाबरतील.