सेव्ह नसलेले सगळे नंबर बंद करू नका, त्यांचा फक्त आवाज बंद करा

प्रश्न: एकाच जाहिरातवाल्यांचे फोन दिवसभर येत राहतात. नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून येतात. सेव्ह नसलेले सगळेच नंबर बंद करावेत असं वाटतं, पण मग दवाखान्याचे, मुलाखतीचे फोन चुकतील. काय करावं?

उत्तर:

सगळे बंद करू नका. मी ते करून पाहिलं आहे आणि त्यात एक फोन गमावला, तो आधी सांगते, कारण नेमकं कुठे चुकतं ते त्यातून कळेल.

आईच्या तपासणीचा रिपोर्ट यायचा होता. दवाखान्याच्या फाइलवरचा नंबर मी आठवणीने सेव्ह केला होता आणि आयफोनमधली Silence Unknown Callers ही सोय चालू केली होती. दवाखान्यातून फोन आला, पण तो फाइलवरच्या नंबरवरून नव्हता. मोठ्या ठिकाणी आत पुष्कळ टेलिफोन असतात, ते एका यंत्रामार्फत बाहेर जोडले जातात, आणि आपल्या स्क्रीनवर दिसतो तो त्या क्षणी मोकळ्या असलेल्या बाहेरच्या लाइनचा नंबर. तो कार्डावर छापलेलाच असेल असं नाही. त्यांनी दोन-तीन मिनिटांत दोनदा फोन केला. माझा फोन एकदाही वाजला नाही. संध्याकाळी कॉलची यादी उघडली तेव्हा दोन्ही नोंदी दिसल्या. दवाखान्याची काहीच चूक नव्हती. मी लावलेला नियमच असा होता की माणूस कितीही वेळा फोन करो, त्याला आत यायला वाटच नव्हती.

त्या नोंदींकडे पाहताना एक गोष्ट लक्षात आली. ज्याला खरंच आपल्याशी बोलायचं असतं तो फोन उचलला नाही तर लगेच पुन्हा लावतो, आणि बहुधा त्याच नंबरवरून. नंबर बदलत राहणारे स्पॅमवाले उलट वागतात: एका नंबरवरून एकदा, मग दुसऱ्या नंबरवरून. म्हणजे सेव्ह असलेला आणि नसलेला हा भेद आपल्या फारसा कामाचा नाही. थोड्या वेळात पुन्हा आलेला आणि न आलेला, हा भेद कामाचा आहे, आणि तो ओळखणारी सोय फोनमध्ये आधीपासून असते. ती डू नॉट डिस्टर्बच्या आत असल्यामुळे कुणी तिकडे पाहत नाही.

आयफोनवर Settings मध्ये Focus, त्यात Do Not Disturb, त्यात People. तिथे फोन फक्त सेव्ह केलेल्या लोकांचे येऊ द्यायचे आणि Allow Repeated Calls चालू ठेवायचं. मग डू नॉट डिस्टर्ब चालू केलं की अनोळखी नंबरचा पहिला फोन गप्प राहतो, पण तोच नंबर तीन मिनिटांच्या आत पुन्हा आला तर वाजतो. अँड्रॉइडवर डू नॉट डिस्टर्बमध्ये कॉलसाठी Contacts निवडायचं आणि Allow repeat callers चालू करायचं. तिथे मुदत पंधरा मिनिटांची असते. कंपनीप्रमाणे शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण सोय हीच. गप्प राहिलेला फोनही यादीत दिसतो, त्यामुळे काही हरवत नाही.

हे करताना Silence Unknown Callers मात्र बंद ठेवा. तो वेगळा नियम आहे आणि पुन्हा फोन केल्याची सवलत त्यात मिळत नाही. नव्या आयफोनमध्ये तो Screen Unknown Callers या नावाखाली सापडतो, तिथे Never निवडा.

याची किंमतही सांगायला हवी. डू नॉट डिस्टर्ब मेसेजचा आवाजही बंद करतं. ज्या अ‍ॅपचे मेसेज कळायलाच हवेत त्यांना त्याच पानावर परवानगी द्या. शिवाय जो माणूस एकदाच फोन करून सोडून देतो, उदाहरणार्थ पार्सलवाला, तो यात सुटू शकतो. ज्या दिवशी अशा कुणाची वाट पाहत असाल त्या दिवशी तेवढे तास ही सोय बंद ठेवणं मला जास्त बरं वाटतं. कुणाला आधीच नंबर देत असाल तर एक वाक्य जोडा: "नाही उचलला तर लगेच पुन्हा एकदा लावा." मी आता दवाखान्यात आणि कार्यालयांत फॉर्म भरताना हे तोंडी सांगते, आणि लोक ते लक्षात ठेवतात.

आता ब्लॉक करण्याबद्दल. ब्लॉक त्याच नंबरसाठी राखून ठेवा जो खरोखर परत परत येतो. माझा नियम असा: वेगवेगळ्या दिवशी तिसऱ्यांदा आला आणि एकदा तरी उचलून तो जाहिरातीचा असल्याची खात्री झाली, तरच ब्लॉक. एकदाच आलेला नंबर ब्लॉक करून काही मिळत नाही, कारण तो बहुधा पुन्हा येणारच नसतो. त्यात धोकाही आहे. स्क्रीनवर दिसणारा नंबर खोटा दाखवता येतो, आणि तो कधी कधी एखाद्या भलत्याच, निरपराध माणसाचा असतो. तुम्ही त्याला ब्लॉक केलं तर स्पॅमवाल्याला काहीच होत नाही, आणि त्या माणसाला उद्या खरंच तुमच्याशी काम असलं तर तो पोहोचत नाही. ब्लॉक केलेल्या नंबरला पुन्हा फोन करण्याची सवलतही मिळत नाही, म्हणून ही यादी छोटी असलेली बरी.

उचलल्यावर ओळखायचं कसं? "हॅलो" म्हटल्यावर एक-दोन सेकंद समोर काहीच ऐकू येत नाही आणि मग कुणीतरी बोलू लागतं, असं झालं तर बहुतेक वेळा यंत्राने नंबर फिरवलेला असतो. बोलायला मोकळा माणूस मिळेपर्यंत ती शांतता असते. खरं काम असलेला माणूस स्वतः फोन लावून बसलेला असतो, तो लगेच बोलतो. हा पुरावा पक्का नाही, पण तिसऱ्या वेळचा निर्णय घ्यायला पुरतो.

एका शब्दामुळे बरेच जण फसतात. अँड्रॉइडवर गुगलच्या फोन अ‍ॅपमध्ये Blocked numbers या पानावर Unknown असा पर्याय आहे. तो सेव्ह नसलेल्या नंबरांसाठी नाही. ज्यांचा नंबर दिसतच नाही, लपवलेला असतो, त्यांच्यासाठी आहे. तो चालू केल्यावर स्पॅम थांबलं नाही म्हणून फोन बिघडला असं समजू नका. आयफोनमधल्या Unknown चा अर्थ मात्र सेव्ह नसलेला असाच आहे. नंबर लपवून कुणी महत्त्वाचं माणूस तुम्हाला फोन करत नसेल तर अँड्रॉइडवरचा तो पर्याय चालू ठेवायला हरकत नाही. काही दवाखाने आणि डॉक्टर नंबर लपवून फोन करतात, तेवढं आधी पाहून घ्या.

शेवटचं काम रोजचं आहे, दोन मिनिटांचं. संध्याकाळी कॉलची यादी उघडायची आणि गप्प राहिलेले नंबर पाहायचे. दोनदा आलेला दिसला तर त्यावर परत फोन करण्याआधी नंबर इंटरनेटवर शोधा, आणि एखाद्या संस्थेचा वाटला तर त्यांच्या छापील नंबरवर फोन करून विचारा. खरा निघाला की त्या संस्थेच्या नावाखाली, आधीच्या नंबरच्या जोडीला, हाही सेव्ह करा. आमच्या दवाखान्याच्या नावाखाली आता चार नंबर आहेत, आणि पाचव्यावरून आला तरी दुसऱ्यांदा लावला की फोन वाजतो.