सीसॅटचे उतारे: माहीत असलेलं उत्तर का चुकतं?

«उताऱ्याचा विषय माहितीचा असला की माझे प्रश्न उलट जास्त चुकतात. बाहेरचं ज्ञान बाजूला ठेवायचं म्हणजे नक्की काय करायचं?»

माहीत असलेलं विसरता येत नाही, त्यामुळे त्या भानगडीत पडू नका. पर्याय खरा आहे का, हे न विचारता तो कुठल्या ओळीवर उभा आहे, हे विचारा. ती ओळ पेन्सिलीने दाखवता आली नाही, तर पर्याय कितीही खरा असला तरी बाद.

सरावासाठी एक छोटा उतारा रचून देतो:

«पूर्व विदर्भात जुने मालगुजारी तलाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. त्यानंतर अनेक तलावांत गाळ साचला. काही गावांनी गाळ काढला, तेव्हा तिथला पाणीसाठा वाढला.»

प्रश्न: उताऱ्यावरून कोणतं विधान काढता येतं?
(१) हे तलाव प्रामुख्याने कोहळी समाजाने बांधले.
(२) सरकारकडे गेल्यामुळे तलावांत गाळ साचला.
(३) गाळ काढल्यास प्रत्येक तलावाचा साठा वाढेल.
(४) गाळ काढल्यानंतर साठा वाढल्याची उदाहरणं आहेत.

भंडारा-गोंदियाकडचा उमेदवार पहिल्या पर्यायाला हमखास फसतो, कारण कोहळ्यांचं तलाव बांधण्यातलं कसब त्याला ठाऊक असतं. पण उताऱ्यात बांधणाऱ्यांचा उल्लेखच नाही.

खरा सापळा दुसरा. उतारा ‘त्यानंतर’ म्हणतो, पर्याय ‘त्यामुळे’ म्हणतो. सरकारी देखभाल कशी असते याचं आपलं मत पक्कं असतं, म्हणून मधला दुवा आपणच जोडतो आणि तो उताऱ्यात वाचल्यासारखा वाटतो. बहुतेकांचे गुण इथेच जातात. असा संशय आला की दोन्ही वाक्यांतली जोडणारी अव्ययं शेजारी ठेवून पाहा.

तिसऱ्यात ‘काही’चं ‘प्रत्येक’ झालं, शिवाय घडून गेलेल्या गोष्टीचं भाकीत झालं. उरला चौथा. तो मिळमिळीत वाटतो, पण शेवटच्या ओळीच्या पलीकडे एक पाऊलही टाकत नाही. अनुमानाच्या प्रश्नात बरोबर उत्तर बऱ्याचदा असंच बेताचं असतं.

वेळेचं म्हणाल तर आधी प्रश्न वाचा, मग उतारा, आणि ओळ न सापडलेल्या पर्यायावर तिथेच काट मारा. दोन पर्याय उरले तर त्यांत फरक करणारा एकच शब्द शोधा: ‘फक्त’, ‘नेहमी’, ‘मुख्य’, ‘म्हणून’. तो शब्द उताऱ्यात नसेल आणि त्याच अर्थाचं दुसरं काही नसेल, तर तो पर्याय सोडा. उताऱ्यातली माहिती तुमच्या मते चुकीची असली तरी ‘उताऱ्यानुसार’ म्हटल्यावर उत्तर तिच्यावरूनच द्यायचं.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. भाषेचं ज्ञान बाहेरचं धरत नाहीत. वरच्या उताऱ्यात ‘साठा वाढला’ आहे आणि पर्यायात ‘तलावात पूर्वीपेक्षा जास्त पाणी राहू लागलं’ असं आलं, तर ती तीच गोष्ट आहे. शब्द जुळत नाहीत म्हणून असा पर्याय काटू नका.