वहीत मराठी, प्रबंधात इंग्रजी

प्रश्न: एम.एस्सी. बॉटनीला आहे, केळीवर प्रोजेक्ट आहे. इंग्रजी पेपरमधला मजकूर शब्द बदलून लिहिला, सिमिलॅरिटी ९ टक्केच आली, तरी सरांनी "ही कॉपी आहे" म्हणून परत दिलं. नेमके किती शब्द बदलले म्हणजे कॉपी होत नाही?

उत्तर: सर बरोबर आहेत, आणि असा आकडा कुठेच नाही. ‘शब्द बदलून लिहा’ हा सल्ला आपल्याकडे धुळ्यापासून रावेरपर्यंत प्रत्येक कॉलेजात दिला जातो आणि माझ्या मते तो सरळ चुकीचा आहे. त्यावर चालून प्रामाणिक मुलं अडकतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नमुन्यासाठी एक वाक्य मीच रचलंय, पेपरमध्ये असतात तसं. इंग्रजी देवनागरीत देतोय. मोठ्याने वाचा, म्हणजे वाक्याची चाल कानाला कळेल.

मूळ: "एक्सेसिव्ह इरिगेशन इन हेवी ब्लॅक सॉइल्स रिड्यूसेस द ऑक्सिजन अव्हेलेबल टू बनाना रूट्स, अँड द प्लँट्स देअरफोर शो यलोइंग ऑफ द लोअर लीव्हज इव्हन व्हेन नायट्रोजन हॅज बीन अप्लाइड इन सफिशियंट क्वांटिटी."

आता शब्द बदललेलं: "टू मच इरिगेशन इन हेवी ब्लॅक सॉइल्स डिक्रीजेस द ऑक्सिजन ॲक्सेसिबल टू बनाना रूट्स, अँड द प्लँट्स हेन्स एक्झिबिट यलोइंग ऑफ द लोअर लीव्हज इव्हन इफ नायट्रोजन हॅज बीन गिव्हन इन ॲडिक्वेट क्वांटिटी."

मूळ वाक्य ३२ शब्दांचं आहे. त्यातले ८ बदलले, २४ जागचे हलले नाहीत. पण ते २४ सुद्धा बदलले असते तरी माझं मत तेच राहिलं असतं, कारण आधी पाणी, मग ऑक्सिजन, मग पानं, शेवटी नायट्रोजन ही मांडणी मूळ लेखकाची आहे. कुठून सुरू करायचं, कशावर भर द्यायचा, काय शेवटाला टाकायचं, हे सगळं त्याने ठरवलं. तुम्ही फक्त त्याच्या भिंतीला रंग दिला. इंग्रजीत याला पॅचरायटिंग म्हणतात, म्हणजे ठिगळं लावून लिहिणं.

आता तुमचे ९ टक्के. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे खरं. सामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगाने जुळणारे शब्द सलग १४ पर्यंत मोजू नयेत, असंही तिथे आहे. वरच्या ठिगळाच्या वाक्यात सलग जुळणारे शब्द जास्तीत जास्त ६ आहेत, त्यामुळे मशीनच्या नजरेतून ते सहज निसटू शकतं. पण त्याच नियमांत वाङ्मयचौर्याची व्याख्या टक्क्यांत केलेली नाही. दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून दाखवणं, अशी ती व्याख्या आहे. मशीन अक्षरं जुळवतं. सरांनी मूळ पेपर वाचलेला असतो, त्यांना चाल ओळखू येते.

अशी ठिगळं जाणूनबुजून फार कमी जण लावतात. बहुतेकांचा घोळ नोट्स काढतानाच होतो. पीडीएफमधून चार ओळी उचलल्या, वर्डच्या फाइलमध्ये टाकल्या, अवतरणचिन्ह नाही, पान नंबर नाही. खाली आपली दोन वाक्यं लिहिली, तीही इंग्रजीत. तीन आठवड्यांनी फाइल उघडली की कोणतं वाक्य आपलं आणि कोणतं पेपरचं हे स्वतःलाच सांगता येत नाही. मग सगळंच आपलं समजून थोडं फिरवलं जातं.

यावर मला माहीत असलेला सगळ्यात भक्कम उपाय असा: नोट्स मराठीत काढा. मराठी म्हणजे तुमची समज, इंग्रजी म्हणजे पेपरचे शब्द, अशी वहीत कायमची वाटणी करून टाका. इंग्रजी ओळ उतरवायचीच असेल तर त्याच क्षणी अवतरणचिन्हं आणि पान नंबर. नंतर टाकू म्हटलं की राहून जातं. महिन्याने वही उघडली तरी नुसत्या भाषेवरून कळतं काय कोणाचं.

पेपरचा एक परिच्छेद वाचा. पुन्हा वाचा. मग स्क्रीन बंद करा, नुसती बाजूला सरकवू नका, आणि तेच तोंडाने सांगा. अमळनेर-पारोळ्याकडचे असाल तर अहिराणीत सांगा, रावेर-यावलकडचे असाल तर तावडी बोलीत. "केयीले पानी जास्त व्हयनं का मुयास्ले हवा भेटत नही" हे ज्याला सांगता येतं, त्याला पेपर कळलाय. जिथे तोंडातून इंग्रजी वाक्यच जसंच्या तसं यायला लागतं, तो भाग कळलेला नाही असं समजा आणि तेवढाच परत वाचा. मग वहीत उतरवा:

"भारी काळी जमीन. पाणी जास्त → मुळांना हवा कमी → खालची पानं पिवळी. नत्र पुरेसं दिलेलं असलं तरी. (आडनाव, वर्ष, पान)"

एवढंच. पूर्ण वाक्य लिहू नका, कारण पूर्ण वाक्याबरोबर त्याची रचनाही वहीत येते.

इंग्रजी लिहायला दुसऱ्या दिवशी बसा. समोर फक्त वही, पेपर बंद. आधी स्वतःला विचारा की हा मुद्दा मला माझ्या प्रोजेक्टमध्ये कशाला हवाय. तुमचा परिच्छेद पानं पिवळी पडण्याच्या कारणांवर असेल, तर सुरुवात पानांपासून होईल, पाण्यापासून नाही. इथेच रचना आपोआप तुमची होते:

"अकॉर्डिंग टू आडनाव (वर्ष), यलो लोअर लीव्हज इन हेवी ब्लॅक सॉइल डू नॉट ऑलवेज मीन दॅट बनाना नीड्स मोअर नायट्रोजन. द ऑथर्स एक्स्प्लेन दॅट ओव्हरवॉटरिंग स्टार्व्हज द रूट्स ऑफ ऑक्सिजन."

यात हेवी ब्लॅक सॉइल, लोअर लीव्हज, नायट्रोजन, ऑक्सिजन, रूट्स हे सगळे शब्द मूळचेच आहेत, आणि ते तसेच राहायला हवेत. शास्त्रीय संज्ञेला पर्यायी शब्द शोधू नका. ‘रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन’ हे तेच लिहायचं, ‘लीफ स्पॉट’ला ‘लीफ स्टेन’ करायचं नाही. शब्द फिरवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे छापील पेपरांत ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बुझम पेरिल’ झाल्याचं २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, आणि असे विचित्र शब्द आता चोरी पकडायची खूणच झालेत. इंग्रजीतून मराठी आणि परत इंग्रजी असं मशीनने भाषांतर करून घेणं हाही त्यातलाच प्रकार. त्यात मधली समज कोणाचीच नसते आणि वाक्याची रचना बहुतेक वेळा तशीच परत येते.

लिहून झालं की मगच पेपर उघडा आणि दोन्ही शेजारी ठेवून तपासा. एकदा चाल जुळते का ते बघा. सलग चार-पाच साधे शब्द सारखे आले असतील तर ते वाक्य परत लिहा. (हा चार-पाचचा अंदाज माझा, नियम नव्हे.) आणि एकदा अर्थ तपासा. इथे मराठी नोट्सचा एक खड्डा आहे, तो मुद्दाम सांगतो. मराठीत ‘मुळे’ फार पटकन लिहिलं जातं. पेपरमध्ये ‘वॉज असोसिएटेड विथ’ असतं, वहीत ‘अमुकमुळे तमुक’ होतं आणि प्रबंधात ‘कॉज्ड’ बनून बसतं. लेखकाने फक्त संबंध आढळला म्हटलेलं, तुम्ही कारण सिद्ध करून टाकलं. ‘मे’ आणि ‘सम’ हे शब्दही असेच गळतात. म्हणून वहीत ‘संबंध आढळला’, ‘शक्यता’, ‘काही झाडांत’ हे स्पष्ट लिहायची सवय लावा.

सारांशाचं थोडक्यात सांगतो. पॅराफ्रेज, म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडणं, एका मुद्द्याचा असतो आणि साधारण मूळाइतकाच लांब होतो. सारांशात सहा-आठ पानांचा पेपर चार ओळींत येतो. बहुतेकांचा सारांश म्हणजे पेपरच्या ॲबस्ट्रॅक्टचीच ठिगळं असतात, कारण ॲबस्ट्रॅक्ट आधीच आटवलेला असतो आणि त्यातून आणखी काय काढायचं ते सुचत नाही. त्यामुळे ॲबस्ट्रॅक्ट झाका. निकालांची टेबलं आणि चर्चेचा शेवटचा भाग वाचा, आणि चार गोष्टी मराठीत लिहा: काय शोधत होते, कुठे आणि किती झाडांवर, काय मिळालं, कशाबद्दल त्यांनी स्वतःच हात राखून ठेवला. त्यावरून इंग्रजी लिहा. ॲबस्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी उघडायचा, तोही फक्त काही उलटं तर लिहिलं नाही ना हे बघायला.

आता काही जण म्हणतील, मधे मराठी आणली की मुलांचं इंग्रजी कच्चं राहतं. हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय, बहुतेक वेळा इंग्रजी माध्यमातून आलेल्यांकडून. त्यांनी वरची दोन वाक्यं शेजारी ठेवून बघावीत. ठिगळाच्या वाक्यातलं ‘ॲक्सेसिबल’ तिथे बसतच नाही. मुळांना ऑक्सिजन ‘अव्हेलेबल’ असतो, ‘ॲक्सेसिबल’ हा नुसता शब्दकोशातून उचललेला शेजारी आहे. मराठीतून गेलेल्या वाक्यात ‘नीड्स’, ‘मीन’ असे साधे, मुलाच्या हातातले शब्द आहेत आणि ते चुकलेले नाहीत. कोणाचं इंग्रजी कच्चं, ते तुम्हीच ठरवा.

दोन गोष्टी राहिल्या. नवीन वाक्य कितीही तुमचं झालं तरी आडनाव आणि वर्ष सुटता कामा नये, कारण माहिती त्यांचीच आहे. आणि स्रोतच मराठी असेल, कृषी खात्याची पुस्तिका किंवा वर्तमानपत्रातला लेख, तर वहीतली वाटणी कामाला येत नाही. तिथे मराठी वाक्य सरळ इंग्रजीत उतरवलं की मशीनला बहुधा दिसत नाही, पण तीही कॉपीच. अशा नोट्स वेगळ्या रंगाच्या पेनने काढा, आणि त्याही तुटक शब्दांतच.

सरांकडून परत आलेलं पान दुरुस्त करत बसू नका. ठिगळाचं वाक्य सुधारता येत नाही, त्यातून मूळ वाक्यच डोकावत राहतं. तो परिच्छेद पूर्ण खोडा, पेपरची वहीतली नोंद नव्याने काढा आणि उद्या लिहा. सरांकडे जाताना मूळ, जुनं आणि नवं वाक्य एकाखाली एक लावून न्या.