कानात नाडीचे ठोके

रात्री आडवं पडलं की बायकोच्या उजव्या कानात धकधक ऐकू येते. कान स्वच्छ आहे म्हणतात. जळगावात कुठली तपासणी करावी?

आधी मनगटाची नाडी धरून ठोके जुळतात का बघा. जुळले तर उजवीकडे जबड्याखाली मानेवर अगदी हलका दाब द्या. आवाज थांबला तर तो बहुधा शिरेतला. (जोर लावू नका.) हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा, ते जळगावात सहज होतं.

डोकं दुखत असेल, वाकल्यावर क्षणभर अंधारी येत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बुबुळ मोठं करून मागची नस सुजलीय का ते लगेच बघून घ्या. ती सूज म्हणजे डोक्यातला दाब वाढल्याची खूण, आणि उशिराने नजर जाऊ शकते. एमआरआय करताना सोबत व्हेनोग्राम सांगा, साध्या एमआरआयमध्ये अरुंद झालेली शीर निसटते. दाबूनही आवाज चालूच राहिला, तर धमन्यांची अँजिओग्राफी लागेल.